लाइक्स वाढले, म्हणून पोस्ट सुधारली?

सोशल मीडियावरच्या कामाचा आढावा घ्यायची एक ठरलेली रीत आहे. वर्षभराच्या सगळ्या पोस्ट एका शीटमध्ये उतरवायच्या, लाइक्सच्या रकान्यावर उतरता क्रम लावायचा, वरच्या दहा-वीस पोस्टमध्ये काय समान आहे ते शोधायचं आणि पुढच्या वर्षी तेच जास्त करायचं. वर्तमानपत्रांची डिजिटल डेस्क, नाट्यसंस्था, प्रकाशनसंस्था, गडकिल्ल्यांची छायाचित्रं टाकणारी हौशी मंडळी, सगळीकडे हेच चालतं. या रीतीची बाजू घेणारे म्हणतात की लाइक हा प्रेक्षकाचा थेट कौल आहे, त्यात संपादकाची आवड मिसळत नाही, आणि आकडा आकडाच असतो. मला हे म्हणणं मान्य नाही. ज्या खात्याचे फॉलोअर्स वाढत आहेत त्या खात्यासाठी ही यादी नुसती ढोबळ नाही, ती एकाच दिशेने चुकते. आपण जे सगळ्यात अलीकडे केलं तेच सगळ्यात चांगलं होतं, असं ती दरवेळी सांगते. आणि हे उत्तर ऐकायला गोड असल्यामुळे कुणी ते तपासायला जात नाही.

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहाराला धरून असलेलं उदाहरण घेऊ. गडकिल्ल्यांची छायाचित्रं टाकणारं एक इन्स्टाग्राम खातं आहे. पहिल्या वर्षी त्याचे फॉलोअर्स ४,०००च्या आसपास आहेत आणि साधारण पोस्टला ३२० लाइक्स मिळतात. दुसऱ्या वर्षी फॉलोअर्स ४०,००० झालेत आणि साधारण पोस्टला १,४०० लाइक्स मिळतात. पहिल्या वर्षी राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून टिपलेल्या धुक्याच्या एका छायाचित्राला ६४० लाइक्स मिळाले, म्हणजे त्या काळच्या नेहमीच्या पोस्टच्या बरोबर दुप्पट. लोकांना ते खरोखर आवडलं होतं. दुसऱ्या वर्षी टाकलेल्या एका कंटाळवाण्या पोस्टला ७०० लाइक्स मिळाले, म्हणजे नेहमीच्या निम्मेच. ती पडलेली पोस्ट होती. पण लाइक्सच्या यादीत ही पडलेली पोस्ट राजगडाच्या वर बसते. दुसऱ्या वर्षाची जवळजवळ प्रत्येक पोस्ट, बरी असो की वाईट, पहिल्या वर्षाच्या उत्तम पोस्टच्या वर बसते. म्हणजे ती यादी पोस्टची गुणवत्ता लावत नाही, तारीख लावते.

यातून फक्त जुन्या चांगल्या पोस्टवर अन्याय होत असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. खरं नुकसान निष्कर्षांचं होतं. समजा, या खात्याने दोन्ही वर्षी प्रत्येकी १०० पोस्ट टाकल्या. पहिल्या वर्षी ८० पोस्टला गडाचा इतिहास सांगणारी लांब कॅप्शन होती आणि २० पोस्टला एका ओळीची. दुसऱ्या वर्षी वेळ कमी पडू लागला आणि प्रमाण उलटलं, २० लांब आणि ८० आखूड. आता असंही समजा की दोन्ही वर्षी लांब कॅप्शनची पोस्ट आखूडपेक्षा २० टक्क्यांनी सरस ठरली. पहिल्या वर्षी आखूड २८० तर लांब ३३६, दुसऱ्या वर्षी आखूड १,३५० तर लांब १,६२०. एकाही वर्षी आखूड कॅप्शन जिंकलेली नाही. तरी दोन्ही वर्षं एकत्र करून सरासरी काढली की लांब कॅप्शनला पोस्टमागे ५९३ लाइक्स येतात आणि आखूडला १,१३६. बैठकीत हा आकडा पडद्यावर येतो आणि ‘लोक आता वाचत नाहीत, कॅप्शन आखूड करा’ असा ठराव होतो. संख्याशास्त्रात या फसगतीला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. दोन गट एकत्र करताना त्यांचं वजन असमान असेल तर प्रत्येक गटातली दिशा एकत्रित आकड्यात उलटी होऊ शकते. इथे वजन असमान आहे ते काळामुळे. खातं वाढत असताना जी सवय उशिरा लागली ती मोठ्या प्रेक्षकाच्या जोरावर यशस्वी दिसते, आणि जी लवकर सुटली ती लहान प्रेक्षकाचं ओझं वाहत राहते. मग ती सवय कॅप्शनची असो, रंगसंगतीची असो, की पोस्ट टाकण्याच्या वेळेची.

पावसाच्या बाबतीत आपण ही चूक कधीच करत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बीडला सहा-सातशे. महाबळेश्वरला सरासरीच्या निम्मा पाऊस झाला तरी तो बीडच्या अतिवृष्टीच्या वर्षापेक्षा मिलिमीटरमध्ये जास्तच भरेल. म्हणून महाबळेश्वरला सुकाळ आणि बीडला दुष्काळ, असं कुणी म्हणत नाही. हवामान खातं प्रत्येक जिल्ह्याचा पाऊस त्या जिल्ह्याच्याच सरासरीशी ताडून पाहतं. सरासरीच्या १९ टक्के वर-खालीपर्यंत सामान्य, २० टक्के किंवा त्याहून जास्त तूट असेल तर अपुरा. शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पोस्टच्या बाबतीत मात्र तेच साधं शहाणपण बाजूला पडतं, कारण दोन्ही आकडे एकाच खात्याचे असल्यामुळे ते एकाच जिल्ह्याचे वाटतात. प्रत्यक्षात ४,००० फॉलोअर्सचं खातं आणि ४०,००० फॉलोअर्सचं खातं हे दोन वेगळे जिल्हे आहेत, नाव तेवढं एक आहे.

इथे एक उत्तर लगेच पुढे येतं, आणि ते देणारे लोक कच्च्या लाइक्सवाल्यांपेक्षा जास्त विचार करणारे असतात. ते म्हणतात की यावर इलाज केव्हाच सापडला आहे. लाइक्सना फॉलोअर्सनी भागा, एंगेजमेंट रेट काढा, प्रश्न संपला. हा प्रश्न संपत नाही, उलट्या बाजूला वळतो. आपल्याच खात्याचे आकडे पाहा. पहिल्या वर्षीच्या साधारण पोस्टचा रेट ३२० भागिले ४,०००, म्हणजे ८ टक्के. दुसऱ्या वर्षी एखाद्या पोस्टला नेहमीच्या दुप्पट, म्हणजे २,८०० लाइक्स मिळाले, तर तिचा रेट ७ टक्के. म्हणजे दुसऱ्या वर्षाची सर्वोत्तम पोस्ट पहिल्या वर्षाच्या अगदी सामान्य पोस्टपुढे हरली. कच्चे लाइक्स नव्या पोस्टना फुकट गुण देतात, आणि रेट जुन्यांना. फॉलोअर्स दहापट झाले म्हणून लाइक्स दहापट होत नाहीत, हे त्याचं कारण आहे. सुरुवातीचे फॉलोअर्स ओळखीचे असतात, त्या विषयाचे वेडे असतात. नंतरचे एखाद्या गाजलेल्या रीलमुळे येतात आणि पुढे फिरकत नाहीत. काही खाती वापरातूनच जातात, पण फॉलोअर्सच्या संख्येत मोजली जात राहतात. शिवाय २०१६पासून इन्स्टाग्रामची फीड काळाच्या क्रमाने चालत नाही, त्यामुळे पोस्ट सगळ्या फॉलोअर्सपुढे जातच नाही. आणि रील तर फॉलोअर नसलेल्यांपुढेही मोठ्या प्रमाणावर ठेवली जाते, तेव्हा तिच्या लाइक्सना फॉलोअर्सनी भागण्याला फारसा अर्थच उरत नाही. त्यात भर म्हणजे बहुतेक शीटमध्ये जुन्या पोस्टचे लाइक्स आजच्या फॉलोअर्सनी भागलेले असतात, कारण त्या दिवशी किती फॉलोअर्स होते याची नोंद कुणी ठेवलेली नसते. राजगडाच्या छायाचित्राला ४,०००ऐवजी ४०,०००ने भागलं की १६ टक्क्यांची पोस्ट १.६ टक्क्यांवर येते.

फॉलोअर्स आणि लाइक्स यांचं नातं नेमकं काय आहे, ते आधी गृहीत धरायला लागू नये, असं माप हवं. ते माप म्हणजे खात्याची स्वतःची सरकती बेसलाइन. नव्या पोस्टच्या लगेच आधीच्या २० पोस्ट घ्यायच्या, त्यांच्या लाइक्सचा मध्यक काढायचा आणि नव्या पोस्टचे लाइक्स त्या मध्यकाने भागायचे. उत्तर १ आलं तर पोस्ट नेहमीसारखी, २ आलं तर नेहमीच्या दुप्पट, ०.५ आलं तर निम्मी. फॉलोअर्स वाढोत, फीडचे नियम बदलोत, निम्मे फॉलोअर्स निष्क्रिय होवोत, या सगळ्याचा परिणाम आधीच्या २० पोस्टवरही जवळपास तेवढाच झालेला असतो, त्यामुळे भागाकारात तो निघून जातो. शीटमध्ये जुनी पोस्ट वर आणि नवी खाली अशी मांडणी असेल, लाइक्स C रकान्यात असतील आणि पहिली ओळ शीर्षकाची असेल, तर एकविसाव्या पोस्टसमोर एवढंच लिहायचं आणि सूत्र खाली ओढत न्यायचं:

```
=C22/MEDIAN(C2:C21)
```

नवी पोस्ट स्वतः त्या २०मध्ये येऊ द्यायची नाही, आणि तिच्या नंतरच्या पोस्टही नाहीत. वर्षभराचा एकच मध्यक काढून सगळ्यांना त्याने भागणारे लोक नेमकी हीच चूक करतात. तिथे जानेवारीच्या पोस्टची तुलना डिसेंबरच्या प्रेक्षकाशी होते आणि आपण पुन्हा तारखेच्या यादीवर येतो.

ही कल्पना नवी नाही, आणि कुणा हौशी माणसाच्या डोक्यातूनही निघालेली नाही. फेसबुकने २०१६मध्ये विकत घेतलेलं आणि १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झालेलं क्राउडटँगल हे साधन जगभरातल्या वृत्तकक्षांत वापरलं जायचं. त्याचा गाभा हाच होता. एखाद्या पानाच्या त्याच प्रकारच्या शेवटच्या १०० पोस्ट घ्यायच्या, वरच्या २५ आणि खालच्या २५ टक्के सोडून द्यायच्या, उरलेल्या मधल्या निम्म्यांची सरासरी काढायची, तीसुद्धा पोस्ट १५ मिनिटांची असताना, तासाभराची असताना, ५ तासांची असताना, अशी टप्प्याटप्प्याने. नवी पोस्ट त्याच वयाच्या सरासरीशी ताडली जायची. त्यामुळे एखाद्या लहान जिल्हा-दैनिकाची अचानक उसळलेली बातमी राष्ट्रीय वाहिनीच्या रोजच्या बातम्यांत बुडून न जाता संपादकाच्या नजरेत यायची. यूट्यूबही आपल्या स्टुडिओत निर्मात्याला नव्या व्हिडिओचा क्रमांक त्याच्याच शेवटच्या १० व्हिडिओंत दाखवतं, आणि तोही प्रकाशनानंतरच्या तेवढ्याच वेळातला. हजारो पानांचे आकडे हाताळणाऱ्यांनी कच्च्या लाइक्सवर भरवसा ठेवला नाही, आणि आपण एका खात्याच्या शीटवर तो ठेवावा याला आधार नाही.

क्राउडटँगलच्या पद्धतीतले दोन बारकावे सोडून दिले तर बेसलाइनही फसवते. पहिला बारकावा टोकं कापण्याचा. लाइक्सचं वितरण फार तिरकं असतं. वीसपैकी एकोणीस पोस्ट १,४००च्या आसपास असतात आणि एक अचानक ३०,०००वर जाते. सरासरी वापरली तर त्या एका पोस्टमुळे बेसलाइन जवळजवळ २,८००वर उडी मारते आणि पुढच्या २० पोस्ट, कितीही नेटक्या असल्या तरी, ०.५ दाखवत राहतात. मग ‘गाजल्यानंतर आमचा दर्जा घसरला’ असं वाटू लागतं, आणि विसाव्या पोस्टनंतर ती गाजलेली पोस्ट खिडकीतून बाहेर पडली की दर्जा आपोआप ‘सुधारतो’. मध्यकाला ती एक पोस्ट ३०,०००ची असो की ३,०००ची, फरक पडत नाही. म्हणून सरासरी नको, मध्यक हवा. दुसरा बारकावा वयाचा आणि प्रकाराचा. काल टाकलेल्या पोस्टला अजून लाइक्स मिळत आहेत, महिन्याभरापूर्वीच्या पोस्टचे मिळून झालेत. दोघांची तुलना केली तर नवी पोस्ट कायम कमी दिसेल. उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा नाही. प्रत्येक पोस्टचे लाइक्स ती टाकल्यावर ठरावीक वेळाने, समजा ७२ तासांनी, उतरवून ठेवायचे आणि तोच आकडा वापरायचा. आणि रीलची तुलना रीलशी, छायाचित्राची छायाचित्राशी करायची. दोन्ही एकाच खिडकीत घातली तर बेसलाइन त्या महिन्यात कोणता प्रकार जास्त टाकला यावर हलत राहते.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत गंभीर आक्षेप असा आहे की सरकती बेसलाइन घसरण लपवते. खात्याचे लाइक्स दर महिन्याला थोडे थोडे कमी होत गेले तर बेसलाइनही तेवढीच खाली सरकते, प्रत्येक पोस्टचं गुणोत्तर १च्या आसपास राहतं, आणि वर्षभराने खातं निम्मं झालेलं असतं तरी शीटवर सगळं आलबेल दिसतं. हा आक्षेप खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांनी फक्त गुणोत्तराचा रकाना ठेवला आणि बेसलाइनचा रकाना लपवला, त्यांच्यावर तो पुरेपूर लागू होतो. पण गुणोत्तर काढताना बेसलाइन काढावीच लागते, ती फेकून देण्याचं कारण नाही. तीच दर आठवड्याला आलेखावर उतरवली की खातं वाढतंय की घसरतंय हे कच्च्या लाइक्सच्या गोंधळापेक्षा स्वच्छ दिसतं, कारण एखाद्या गाजलेल्या पोस्टची उडी तिच्यात शिरत नाही. दोन प्रश्न आहेत आणि त्यांना दोन आकडे हवेत. खातं कुठे चाललंय, याचं उत्तर बेसलाइनकडे आहे. ही पोस्ट आजच्या मानाने कशी होती, याचं उत्तर गुणोत्तराकडे. कच्चा लाइक या दोन्हींचा गुणाकार असतो, आणि गुणाकारातून दोन्ही अवयव वेगळे करता येत नाहीत, हीच माझी त्याच्याविरुद्धची तक्रार आहे. हवामान खात्याची सरासरी १९७१ ते २०२० अशी ५० वर्षांची स्थिर असते, कारण बीडचा पाऊस दोन वर्षांत चौपट होत नाही. खात्याचा प्रेक्षक होतो, म्हणून त्याची बेसलाइन सरकती ठेवावी लागते आणि तिच्या सरकण्यावर वेगळी नजर ठेवावी लागते.

याच आक्षेपाची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते, ती म्हणजे बेसलाइन नेहमी थोडी मागे असते. २० पोस्टच्या खिडकीचा मध्य साधारण साडेदहा पोस्ट मागे पडतो. आपल्या खात्याचे लाइक्स पहिल्या वर्षाकडून दुसऱ्याकडे जाताना पोस्टमागे सुमारे दीड टक्क्याने वाढत होते असं धरलं, तर अगदी साधारण पोस्टचं गुणोत्तरही १ ऐवजी १.१७ येतं. वेगाने वाढणाऱ्या खात्याला त्यामुळे प्रत्येक पोस्ट बरी वाटते. हे ओळखायची खूण सोपी आहे. गेल्या ४०-५० पोस्टच्या गुणोत्तरांचाच मध्यक काढायचा. तो १च्या जवळ असेल तर बेसलाइन वेळेवर आहे. १.१७ असेल तर ती मागे राहते आहे, आणि मग सगळी गुणोत्तरं १.१७ने भागायची किंवा खिडकी लहान करायची. खिडकी लहान करण्याची किंमतही आहे, कारण ५ पोस्टचा मध्यक दोन-तीन विचित्र पोस्टनी सहज हलतो. क्राउडटँगलची १०० पोस्टची खिडकी रोज ३० बातम्या टाकणाऱ्या पानासाठी जेमतेम तीन-चार दिवसांची होती. आठवड्याला दोन पोस्ट टाकणाऱ्या गडप्रेमी खात्यासाठी तीच खिडकी वर्षभराची होईल आणि काही कामाची राहणार नाही. खिडकी किती पोस्टची, हे त्या खात्याच्या वेगाकडे पाहूनच ठरवावं लागतं.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. खातं वाढलं तेच मुळी चांगल्या पोस्टमुळे, आणि बेसलाइन लावली की त्या वाढीचं श्रेय पुसलं जातं, उलट चांगलं काम करणाऱ्यासाठी दांडी दर आठवड्याला वर जाते, असं म्हटलं जातं. यात अर्धं तथ्य आहे. ज्या पोस्टमुळे ५,००० नवे लोक आले, तिला तिच्या लाइक्सपुरतं मोठं गुणोत्तर मिळतं, पण पुढे त्या लोकांनी दिलेले लाइक्स नंतरच्या पोस्टच्या बेसलाइनमध्ये जातात. म्हणून पोस्टमुळे किती नवे फॉलोअर्स आले याचा रकाना वेगळा ठेवावाच, आणि तो आकडा इन्स्टाग्राम इनसाइट्समध्ये पोस्टनिहाय मिळतो. पण हे श्रेय कच्च्या लाइक्समध्येही योग्य ठिकाणी जात नाही, हे विसरू नये. तिथे ते जातं नंतर आलेल्या प्रत्येक पोस्टला, त्या ७०० लाइक्सच्या पडलेल्या पोस्टलासुद्धा. ज्या पोस्टने माणसं आणली तिला यादीत काहीच जास्त मिळत नाही. न्यायाचा मुद्दा काढायचा तर तो कच्च्या लाइक्सच्या बाजूने वापरता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. जाहिरातदार एकूण किती लोकांपर्यंत पोचलो ते विचारतो, गुणोत्तर विचारत नाही. बरोबर आहे, आणि त्याला एकूणच आकडा द्यावा. माझा वाद विकायच्या आकड्याशी नाही, शिकायच्या आकड्याशी आहे. पुढच्या महिन्यात काय करायचं ते ठरवताना विक्रीचा आकडा समोर ठेवला की वर सांगितलेला कॅप्शनचा घोटाळा होतो.

गुणोत्तर वापरणाऱ्यांनाही एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण बेसलाइन आली की प्रत्येक १.३ मध्ये अर्थ शोधायचा मोह होतो. आधी खात्याचा नेहमीचा हेलकावा पाहावा. शेवटच्या ४० गुणोत्तरांना चढत्या क्रमाने लावलं आणि मधली २० गुणोत्तरं ०.८ ते १.३ यांच्या दरम्यान निघाली, तर १.२५ ही बातमी नाही, रोजचा चढउतार आहे. २.० आलं तर थांबून पाहावं. आणि तेव्हाही एका पोस्टवरून नियम काढू नये. लांब कॅप्शनच्या १५ पोस्ट आणि आखूड कॅप्शनच्या १५ पोस्ट घेऊन दोन्हींच्या गुणोत्तरांचे मध्यक शेजारी ठेवावेत, तेही शक्यतो अशा काळातले जेव्हा दोन्ही प्रकार आलटून पालटून टाकले जात होते. खातं फार लहान असेल तर हे सगळंच डळमळीत होतं. बेसलाइन ९ लाइक्सची असेल तर १८ लाइक्स म्हणजे गुणोत्तर २, पण प्रत्यक्षात ती नऊ जास्तीची माणसं आहेत, आणि एका मित्रमंडळाने एका संध्याकाळी फोन उघडला तरी तेवढा फरक पडतो. अशा खात्याने काही महिने फक्त नोंदी ठेवाव्यात.

बेसलाइन पोस्टची गुणवत्ता सिद्ध करते असंही मी म्हणत नाही. प्लॅटफॉर्मने एखाद्या आठवड्यात छायाचित्रांची पोच कमी केली तर सगळ्याच छायाचित्रांची गुणोत्तरं एकदम खाली येतील, आणि खिडकीतल्या निम्म्याहून जास्त पोस्ट नव्या काळातल्या झाल्या की ती पुन्हा १वर जातील. दोष छायाचित्रकाराचा नसेल. खूण ही की पडझड एकट्या पोस्टची नसते, वेगवेगळ्या विषयांच्या सात-आठ पोस्ट एकाच वेळी ०.६वर येतात. आषाढी वारी, गणेशोत्सव, दिवाळी या दिवसांत उलटं होतं. आषाढीच्या आठवड्यात टाकलेल्या वारीच्या पाच पोस्ट २.५ दाखवतील, आणि खिडकी लहान असेल तर त्यानंतरच्या गडाच्या पोस्टना त्या बेसलाइनचं ओझं वाहावं लागेल. अशा ठरावीक सणांच्या पोस्टना शीटमध्ये खूण करून खिडकीतून बाहेर ठेवणं हेच बरं. पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्टनाही तोच नियम, कारण त्यांचे लाइक्स विकत घेतलेल्या पोचेचे असतात.

आणि शेवटचं, जे सगळ्यात जास्त खाती बिघडवतं: कमी लाइक्स मिळालेली पोस्ट काढून टाकायची सवय. पहिल्या दिवशी पोस्ट उठली नाही की ती डिलीट करायची किंवा आर्काइव्हमध्ये टाकायची, ही आता रीतच झाली आहे. खिडकीतल्या २० पोस्टपैकी खालच्या सहा अशा गायब झाल्या आणि त्यांच्या जागी मागच्या बऱ्या पोस्ट आल्या की मध्यक वर चढतो, आणि जी नवी पोस्ट खरं तर नेहमीसारखी आहे तिचं गुणोत्तर ०.८ दिसतं. मग तीही काढून टाकली जाते, मध्यक आणखी चढतो, आणि खात्याचा मालक आपली प्रत्येक नवी पोस्ट पडते आहे असं समजून विषयच बदलतो. म्हणून लाइक्सचा आकडा ७२ तासांनी शीटमध्ये उतरवायचा तो पोस्ट काढून टाकायच्या आधी उतरवायचा, आणि पोस्ट खात्यावरून गेली तरी शीटमधली तिची ओळ तशीच राहू द्यायची.